पोटॅशियम ७.२: आधी हृदय सांभाळा, आकडा नंतर

इमर्जन्सीत नव्याने रुजू झालेल्यांना पोटॅशियमचा चढा रिपोर्ट दिसला की आकडा खाली आणायची घाई होते. खरा क्रम वेगळा आहे, आणि तो समजायला हृदयाच्या पेशीत काय घडतं ते आधी पाहायला हवं.

पेशीच्या आत लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल पोटॅशियम असतं, रक्तात जेमतेम ३.५ ते ५. या तफावतीच्या जोरावर पेशी विश्रांतीत उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास राहते. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की ही पातळी शून्याकडे सरकते, बरेचसे सोडियम चॅनेल बंद अवस्थेतच अडकतात आणि विद्युतलहर रेंगाळते. ईसीजीवर टी लाट उंच आणि टोकदार होते, पी सपाट होते, क्यूआरएस रुंदावतो. हा क्रम दरवेळी पाळला जात नाही, म्हणून ईसीजी साधा दिसला तरी गाफील राहू नये.

समजा, मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णाचं पोटॅशियम ७.२ आहे आणि क्यूआरएस रुंद झालाय. पहिलं औषध १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिली, शिरेतून २ ते ५ मिनिटांत, मॉनिटरवर नजर ठेवून. कॅल्शियमने पोटॅशियम जराही उतरत नाही. ते हृदयाला तात्पुरतं सावरतं. ५ मिनिटांनी क्यूआरएस तसाच असेल तर डोस पुन्हा द्यायचा. असर अर्धा ते एक तासच टिकतो, तेवढ्यात पुढची सोय हवी.

ती म्हणजे १० युनिट रेग्युलर इन्सुलिन आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज. साधारण २० मिनिटांत पोटॅशियम पेशींच्या आत शिरू लागतं. इथली नेहमीची चूक म्हणजे साखर एकदाच तपासणं. मूत्रपिंडाच्या रुग्णात इन्सुलिन रेंगाळतं, त्यामुळे ६ तास साखर बघत राहावी लागते. शिवाय हे पोटॅशियम फक्त आत ढकललेलं आहे, शरीराबाहेर गेलेलं नाही. अशा रुग्णात त्यासाठी डायलिसिसच लागतं, म्हणून तो फोन इन्सुलिन चालू असतानाच करावा.

रुग्ण ठणठणीत, ईसीजी साधा आणि आकडा भलताच, असं असेल तर नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील. रक्त पुन्हा घ्या.

कमी पोटॅशियममध्ये पेशी पूर्वस्थितीला यायला उशीर लावते. यू लाट दिसते, क्यूटी लांबतो आणि मधेच जादा ठोके सुटतात; त्यातून टोर्साद सुरू होऊ शकतं. १५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिली ॲम्प्यूलमध्ये २० मिलिमोल असतात. ती थेट शिरेत दिली तर हृदय थांबतं. सलाईनमध्ये मिसळून, हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिमोलपर्यंतच द्यायचं. डेक्स्ट्रोजमध्ये नको, कारण त्याने इन्सुलिन स्रवतं आणि पोटॅशियम आणखी उतरतं. दिवसभर देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. ते कमी असेल तर दिलेलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.