या चुका टाळा: बांधकाम कर्जाचे हप्ते तपासताना

घर बांधायला घेतलेल्या कर्जाची फाईल समोर आली की मी पैशांचे आकडे मागाहून बघतो. आधी किती टक्के काम झाले हे सांगणारे इंजिनिअरचे सगळे दाखले तारखेनुसार लावतो, कारण बँक कर्जाची रक्कम त्यांवरूनच हप्त्याहप्त्याने देते. लोक मात्र शेवटचा दाखला हातात घेऊन थेट बँकेत भांडायला जातात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टक्क्यांची बेरीज. परवाच एक गृहस्थ आले, म्हणे बँकेने सहा लाख कमी दिले. खर्चाचा अंदाज 40 लाख, कर्ज 30 लाख, उरलेले 10 लाख त्यांचे. जोत्याच्या दाखल्यावर 20 टक्के, स्लॅबच्या दाखल्यावर 45. त्यांनी वहीत 65 टक्के मांडले, 30 लाखांचे साडेएकोणीस लाख काढले आणि साडेतेरा मिळाले म्हणून तावातावाने बसले होते. दाखल्यात ‘आजवर झालेले काम’ असे स्पष्ट लिहिलेले! म्हणजे 45 मध्ये आधीचे 20 आलेच. 30 लाखांचे 45 टक्के साडेतेरा लाख. पहिले सहा वजा जाता स्लॅबला साडेसात. बँकेचा हिशोब चोख होता.

हेही मंजुरीपत्रात दोघांचा वाटा प्रत्येक टप्प्याला सारख्या प्रमाणात धरला होता म्हणून. ‘आधी स्वतःचा वाटा खर्च करावा’ अशी अट असती, तर जोत्यापर्यंतचे आठ लाख त्यांचेच गेले असते आणि बँकेकडून काहीच आले नसते. स्लॅबला एकूण काम 18 लाखांचे, त्यातून त्यांचे दहा वजा, म्हणजे बँकेचे फक्त आठ. दाखला तोच, रक्कम साडेपाच लाखांनी कमी. मंजुरीपत्राची मागची पाने न वाचता ठेकेदाराला तारीख देणाऱ्यांना काय म्हणावे!

गंमत म्हणजे त्यांच्या फाईलमध्ये खरी फट होतीच, फक्त त्यांनी शोधली तिथे नव्हती. पासबुकात पहिल्या हप्त्याचे 5 लाख 60 हजार जमा, कर्जखात्याच्या उताऱ्यात मात्र सहा लाख उचललेले. मधले 40 हजार विम्याच्या हप्त्यात वळते झाले होते. व्याज पूर्ण सहा लाखांवर चालू. तो विमा मंजुरीपत्रात आहे का, त्यावर आपली सही आहे का, हे विचारायला हवे होते. म्हणून मी पासबुकाशी कधीच ताळा घालत नाही, कर्जखात्याच्या उताऱ्याशी घालतो.

काम होण्याआधीच ‘पुढच्या टप्प्याचा दाखला देऊन टाका’ म्हणू नका. बँकेचा माणूस साइटवर आला की तो हप्ता अडकतो, आणि पुढचा प्रत्येक दाखला संशयाने वाचला जातो.

अंदाजपत्रक मध्येच वाढले तर टक्के नव्या आकड्यावर काढू नका. बँकेने वाढ लेखी मान्य करेपर्यंत 40 लाख ते 40 लाखच.