बाल-संधिवातात डोळ्यांची छुपी सूज: या चुका टाळा

तीन-चार वर्षांची मुलगी सकाळी उठल्यावर लंगडते. एक गुडघा सुजलेला असतो, पण ती फारशी रडत नाही आणि दुपारपर्यंत पळायलाही लागते. आपल्याकडे इंदूरमध्ये असं मूल बहुतेक वेळा आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातं. कुठेतरी पडली असेल म्हणून काही आठवडे जातात, तेलाची मालीश होते, मग तपासण्या होऊन जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे जेआयए, हे बाल-संधिवाताचं निदान कागदावर येतं. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं आणि सूज उतरते. या सगळ्या धावपळीत डोळ्यांचा विषय बऱ्याचदा कोणी काढतच नाही, आणि पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ तिथेच असतं.

जेआयए असलेल्या मुलांपैकी साधारण १० ते २० टक्के मुलांना डोळ्याच्या आत सूज येते. तिला युव्हियायटिस म्हणतात. ज्या मुलांचे सुरुवातीच्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे सुजलेले असतात, आजार वयाच्या सातव्या वर्षाच्या आत सुरू झालेला असतो आणि स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी रक्तातली एएनए तपासणी पॉझिटिव्ह असते, त्यांना धोका सर्वांत जास्त. म्हणजे जिचा संधिवात सगळ्यांत सौम्य वाटतो, तिच्याच डोळ्यांची काळजी सगळ्यांत जास्त घ्यावी लागते.

चूक पहिली: डोळे लाल होण्याची वाट पाहणं

मोठ्या माणसाच्या डोळ्यात सूज आली की डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही. घरात आजोबांना किंवा काकांना असं झालेलं असेल तर आपण तीच खूण धरून बसतो. लहान मुलांच्या या प्रकारात सूज बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्यात, म्हणजे आयरिसमध्ये, आणि त्याच्या मुळाशी मंद गतीने धुमसत राहते. वरच्या पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या फुलत नाहीत. डोळा पांढराशुभ्र, दुखणं नाही, पाणी नाही. एका डोळ्याची नजर कमी झाली तरी दुसरा डोळा काम भागवून नेतो, आणि चार वर्षांच्या मुलीला आपल्याला कमी दिसतंय हे कळतही नाही.

लाल डोळ्याचा प्रकार जेआयएमध्येही असतो. तो बहुधा मोठ्या मुलांत, टाच आणि कंबर दुखणाऱ्या, रक्तात एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण पॉझिटिव्ह असलेल्या प्रकारात दिसतो. तिथे डोळा स्वतःच बोलतो, आणि लाली व ठणका दिसला की ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं असतं. एएनए पॉझिटिव्ह छोट्या मुलीच्या डोळ्याकडून मात्र तशी खूण येईल अशी अपेक्षा धरू नका.

चूक दुसरी: चुकीची तपासणी करून निश्चिंत होणं

शाळेत तक्त्यावर सहा-सहा आलं, चष्म्याच्या दुकानात कम्प्युटरवर नंबर निघाला नाही, बालरोगतज्ज्ञांनी टॉर्च मारून पाहिलं. या तिन्ही तपासण्यांत आतली सूज दिसू शकत नाही. ती दिसते फक्त स्लिट लॅम्पवर.

या यंत्रातून प्रकाशाचा अगदी बारीक झोत तिरपा करून डोळ्याच्या पुढच्या पाणीदार भागात सोडतात. निरोगी डोळ्यात हा भाग काळा, स्वच्छ दिसतो. सूज असेल तर त्या झोतात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात, अगदी खिडकीतून आलेल्या कवडशात धूलिकण दिसावेत तशा. डॉक्टर एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद झोतातल्या पेशी मोजतात. एकही नसेल तर शून्य. १ ते ५ असतील तर अर्धा प्लस, ६ ते १५ म्हणजे एक प्लस, १६ ते २५ म्हणजे दोन प्लस, आणि त्यापुढे तीन-चार प्लस. हा आकडा दर वेळी कागदावर लिहून घ्या. ‘डोळे ठीक’ एवढंच लिहिलं असेल तर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?

इथे एक अडचण नेहमी येते. डोळ्यांच्या दवाखान्यात लहान मूल दिसलं की ते नंबर काढायलाच आलं असं समजून मदतनीस आधीच बाहुली मोठी करणारे थेंब घालून टाकतो. त्या औषधाने आयरिसमधले रंगकण सुटून पाण्यात तरंगू शकतात आणि पेशी मोजताना घोळ होतो. म्हणून नाव लिहितानाच सांगा: “मुलीला जेआयए आहे, थेंब घालायच्या आधी डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर पाहायचं आहे.” पेशी मोजून झाल्या की मागचा भाग पाहायला थेंब खुशाल घालू द्या. डोळ्याचा दाबही त्याच भेटीत मोजून घ्यावा.

मूल हनुवटी टेकवून बसत नाही, ही तक्रार खरी आहे. वेळ सकाळची घ्या, पोट भरलेलं आणि झोप झालेली असू द्या. खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं किंवा वडिलांच्या मांडीवर बसवलं तर उंची जमते. घरी आठवडाभर टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून दहा अंक मोजायचा खेळ खेळा. तरीही जमलं नाही तर हातात धरायचा स्लिट लॅम्प कुठे आहे ते विचारा. “आज बघू दिलं नाही, तीन महिन्यांनी या” हे उत्तर मान्य करू नका. पंधरा दिवसांत पुन्हा जा.

चूक तिसरी: गुडघा बरा, म्हणजे डोळाही बरा

सुदामानगरातल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण क्रम नेहमीचा. जून २०२३ मध्ये, साडेतीन वर्षांची असताना, डावा गुडघा सुजला. ऑगस्टमध्ये निदान झालं, एएनए पॉझिटिव्ह. गुडघ्यात इंजेक्शन दिल्यावर ती महिन्याभरात धावायला लागली. ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी, तिन्ही वेळा स्लिट लॅम्पवर शून्य. मे महिन्यात मुलगी सुट्टीसाठी नाशिकला मामाकडे गेली. गुडघा सहा महिने ठणठणीत होता, अंगातली सूज दाखवणारी ईएसआर ही रक्ततपासणी नॉर्मल, म्हणून ती भेट राहून गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये उजव्या डोळ्यात दोन प्लस पेशी निघाल्या, आणि आयरिसची कड मागच्या भिंगाला दोन ठिकाणी चिकटलेली. थेंब घातल्यावर बाहुली गोल उमलली नाही, पाकळ्यांसारखी वेडीवाकडी झाली. डोळा बाहेरून पूर्ण पांढरा.

इथे मुद्दा असा की सांधा आणि डोळा एकमेकांच्या तालावर चालत नाहीत. सांधा शांत असताना डोळा पेटू शकतो. ईएसआर, सीआरपी या सुजेच्या रक्ततपासण्या नॉर्मल असणं डोळ्याबद्दल काही सांगत नाही. क्वचित तर डोळ्याची सूज सांध्याच्या आधीच सुरू झालेली असते, म्हणून पहिली तपासणी निदान होताच, फार तर सहा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. दुर्लक्ष झालेल्या डोळ्यात पुढे बुबुळावर चुन्यासारखा पट्टा साठतो, मोतीबिंदू होतो, दाब वाढून काचबिंदू होतो, आणि लहान वयात नजर आळशी पडते ती वेगळीच.

चूक चौथी: तारखांचा हिशोब चुकवणं

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार जास्त धोक्याच्या मुलांची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची. जास्त धोका म्हणजे एएनए पॉझिटिव्ह, आजार सात वर्षांच्या आत सुरू झालेला, आणि सुरू होऊन चार वर्षं झालेली नाहीत. बाकीच्यांची दर सहा ते बारा महिन्यांनी.

हिशोब करताना घोटाळा असा होतो की आई-वडील मुलीचं आजचं वय धरतात. वरच्या मुलीला सातवं वर्ष लागलं की “आता मोठी झाली” म्हणून तपासण्या लांबवल्या जातात. वय धरायचं ते आजार सुरू झाला तेव्हाचं, म्हणजे साडेतीन. चार वर्षं मोजायची तीही गुडघा सुजला त्या महिन्यापासून. तिच्या डोळ्यात सूज आलीच नसती तरी जून २०२७ पर्यंत तिची तपासणी तीन-तीन महिन्यांनीच झाली असती. त्यानंतर अंतर वाढतं, तपासणी बंद होत नाही. एएनए निगेटिव्ह आली म्हणूनही बंद होत नाही.

देवास, महू, खरगोनहून येणाऱ्यांनी महिने कायमचे ठरवून टाकावेत: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. सुट्टीत बाहेरगावी जायचं असेल तर तपासणी आधी उरकावी. दोन आठवडे अलीकडे झाली तर काही बिघडत नाही, दोन महिने पलीकडे गेली तर बिघडतं.

चूक पाचवी: सूज सापडल्यावर थेंबांशी खेळणं

सुरुवातीला सहसा प्रेडनिसोलोन ॲसिटेट एक टक्का हे स्टेरॉइडचे थेंब देतात. आयरिस चिकटलेली असेल तर सोबत बाहुली मोठी करणारे थेंबही. प्रेडनिसोलोन ॲसिटेटचं औषध बाटलीच्या तळाशी बसतं. न हलवता घातलं तर डोळ्यात नुसतं पातळ पाणी जातं आणि सूज उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो. दर वेळी बाटली चांगली हलवा. थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, आणि दुसरे थेंब पाच-दहा मिनिटांनी घाला.

हे थेंब एकदम बंद करायचे नसतात, आणि जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने चालूही ठेवायचे नसतात. एकदम थांबवले तर सूज उसळते. चालू ठेवले तर त्यांच्यामुळेच दाब वाढतो आणि मोतीबिंदू होतो. डोस कमी केला की महिन्याच्या आत पुन्हा स्लिट लॅम्प, प्रत्येक बदलानंतर. तीन महिन्यांनंतरही रोज एक-दोन थेंबांशिवाय डोळा शांत राहत नसेल तर प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या मेथोट्रेक्सेटबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ आली. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. त्यानेही भागलं नाही तर ॲडॅलिमुमॅब हे इंजेक्शन. सांध्यांसाठी एटानरसेप्ट हे इंजेक्शन चालू असेल तर ते डोळ्यासाठी पुरेसं धरू नका. सांध्यांना ते चांगलं लागू पडतं, डोळ्याच्या सुजेवर त्याचा भरवसा नाही.

दोन वर्षं डोळा शांत राहिला म्हणून मेथोट्रेक्सेट बंद करायचं ठरलं तर पुढची डोळ्यांची तपासणी दोन महिन्यांच्या आत ठेवा. औषध थांबल्यावर सूज परत येते तेव्हाही डोळा पांढराच असतो. आणि औषध बंद करायचं ठरवतात संधिवाताचे डॉक्टर, तर तारीख देतात डोळ्यांचे. एकमेकांना चिठ्ठी गेली आहे असं गृहीत धरू नका. दोन्हीकडची फाइल एकच ठेवा आणि पहिल्याच पानावर तीन ओळी लिहा: आजार सुरू झाल्याचा महिना, एएनएचा निकाल, शेवटच्या स्लिट लॅम्पचा आकडा.