एक्सेलमधून बँकेची पगार अपलोड फाइल बनवताय? या चुका टाळा

पगाराची फाइल पहिल्यांदा बनवली तेव्हा मी रकमेचा कॉलम सिलेक्ट करून उजवीकडे अलाइन केला, कॉलमची रुंदी वाढवली आणि शीटवर सगळं एका रेषेत दिसलं म्हणून तसंच कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं. बँकेच्या पोर्टलने पहिल्याच ओळीला फाइल परत केली. कारण साधं आहे, अलाइनमेंट ही फक्त स्क्रीनवरची सजावट असते, फाइलमध्ये ती जातच नाही. फाइलमध्ये जातात ती नुसती अक्षरं, त्यामुळे रक्कम उजवीकडे सरकवायची तर तिच्या डावीकडे खरीखुरी शून्यं किंवा स्पेस भराव्या लागतात.

आमच्या बँकेचा लेआउट, म्हणजे ओळीत कशाला किती अक्षरांची जागा, असा होता: खाते नंबर 18 जागा, आयएफएससी 11, नाव 20, आणि शेवटी रक्कम 13 जागा, पैशांमध्ये, पॉइंट न देता, पुढे शून्यं. म्हणजे ओळ बरोबर 62 अक्षरांची. तुमच्या बँकेच्या जागा वेगळ्या असतील, आकडे तिच्या लेआउटच्या कागदावरून घ्या, पद्धत हीच. A2 मध्ये खाते नंबर, B2 मध्ये आयएफएससी, C2 मध्ये नाव, D2 मध्ये रुपयांतली रक्कम, आणि E2 मध्ये हा फॉर्म्युला:

```
=LEFT(A2&REPT(" ",18),18)&B2&LEFT(C2&REPT(" ",20),20)&TEXT(ROUND(D2*100,0),REPT("0",13))
```

सगळ्यात घातक चूक म्हणजे 100 ने गुणायचं विसरणं, कारण ती फाइल रिजेक्ट होत नाही. 18450.50 रुपयांचे पैसे झाले 1845050, म्हणजे फाइलमध्ये `0000001845050` यायला हवं. गुणाकार राहिला तर `0000000018451` येतं, तेही 13 अंकांचंच, दिसायला एकदम ठीक, आणि माणसाच्या खात्यात जमा होतात 184 रुपये 51 पैसे. म्हणून एक ओळ तरी हातात घेऊन शेवटचे दोन अंक पैसे समजून मोठ्याने वाचाच.

रकमेसाठी बरेच जण `RIGHT` वापरतात, मी `TEXT` घेतो. रक्कम जागेपेक्षा मोठी झाली तर `RIGHT` डावीकडचे अंक गुपचूप कापतं, `TEXT` कापत नाही, ओळ लांब होते आणि चूक दिसते.

मग येतो एका पैशाचा घोळ. समजा 25000 रुपये तिघांत वाटायचे, भागाकार करून प्रत्येकी 8333.33 दिसतात पण सेलमध्ये त्यापुढे 333 चालूच असतात, फॉरमॅटने फक्त लपवलेले. ओळींमध्ये राउंड होऊन प्रत्येकी 833333 पैसे गेले, बेरीज 2499999. आणि शेवटच्या एकूण रकमेच्या ओळीत तुम्ही मूळ कॉलमची `SUM` टाकली तर तिथे 2500000. एका पैशाचा फरक आणि अख्खी फाइल परत, आणि शीटवर बघून सापडणार नाही कारण तिथे सगळं जुळलेलं दिसतं. उपाय असा की राउंड केलेली रक्कम वेगळ्या कॉलममध्ये काढा, ओळीही त्यावरून बनवा आणि बेरीजही त्याचीच करा, उरलेला पैसा एकाच्या रकमेत हाताने घाला.

खाते नंबरचं दुखणं वेगळं. एक्सेल आकडा म्हणून 15 अंकांपर्यंतच नीट धरतं, 16 अंकी खातं साध्या सेलमध्ये टाइप केलंत तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर कुठल्याही लांबीला उडतात. नंतर कॉलम टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही, मूळ यादीवरूनच पुन्हा घ्यावा लागतो. त्यामुळे आधी कॉलम टेक्स्ट करायचा, मगच पेस्ट.

आता `=LEN(E2)=62` लावून सगळीकडे TRUE आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. वेब पेजवरून कॉपी केलेल्या खाते नंबरापुढे एखादी अदृश्य स्पेस आली तर `LEFT` ती धरूनच 18 जागा भरतो, लांबी बरोबर पण नंबर एक घर सरकलेला. ही स्पेस बहुतेक वेळा `CHAR(160)` असते, नुसत्या `TRIM` ने जात नाही:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

तसंच नावाच्या सेलमध्ये कोणी Alt+Enter मारलेलं असेल तर `LEN` ते एकच अक्षर मोजतं, पण नोटपॅडमध्ये ओळ तुटते आणि आजूबाजूला अवतरणचिन्हं येतात. नावावर `CLEAN` लावा.

शेवटची नजर नोटपॅडमध्येच टाका, फॉन्ट कन्सोलास ठेवून. ओळीच्या शेवटी कर्सर नेला की खाली Col 63 दिसायला हवं, आणि 19 व्या घरात प्रत्येक ओळीत आयएफएससीचं पहिलं अक्षर उभ्या रेषेत यायला हवं. एखादी ओळ त्या रेषेतून बाहेर गेली असेल तर नोटपॅडमध्ये स्पेस मारून दुरुस्त करू नका, शीटमधला तो सेल नीट करा आणि फाइल परत काढा, नाहीतर पुढच्या महिन्यात तीच ओळ पुन्हा अडकेल.