दुधाला वास येतोय: उकळल्याचा की उजेडाचा?

टेट्रापॅकमधलं दूध उकळल्यासारखं लागतं आणि पारदर्शक बाटलीतलं कधी कधी जळक्या पुठ्ठ्यासारखं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

टेट्रापॅकमधलं हे यूएचटी दूध काही सेकंद १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. त्यात प्रथिनांमधून गंधकाची संयुगं सुटतात, तोच हा शिजका वास. ताज्या पॅकमध्ये तो जास्त असतो आणि काही दिवसांत आपोआप उतरतो. त्यामुळे वास नको असेल तर अगदी ताजी तारीख शोधत बसू नका.

उजेडाचा वास मात्र वाढतच जातो. दुधातलं रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) निळा प्रकाश शोषतं आणि प्रथिनं बिघडवतं, पुढे स्निग्धांशही. उन्हात याला काही मिनिटं पुरतात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही तास.

पडताळा असा घ्या:

१. एकाच पिशवीतलं थंड दूध दोन छोट्या काचेच्या बाटल्यांत भरा.
२. एक बाटली फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळा, झाकणासकट.
३. दोन्ही अर्धा तास उन्हाच्या खिडकीत ठेवा, मग फ्रिजमध्ये सारख्याच गार करा.
४. आधी फॉइलमधलं चाखा, नंतर फॉइल नसलेल्या बाटलीतलं.

फरक कळला की दुकानात बाटली मागच्या रांगेतली उचला आणि घरी स्टीलच्या भांड्यात ओता. लागलेला वास उकळून जात नाही.

मात्र आंबट वास किंवा गुठळ्या म्हणजे दूध नासलंय. ते सरळ फेकून द्या.