पैलवानासाठी की पैलवानांसाठी?

बहुपर्यायी प्रश्नात शुद्ध पर्याय निवडताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: शब्द जोडलाय का, आणि टिंब हवंय का. तिन्ही पर्याय घ्या:

(अ) सगळ्या पैलवानां साठी तालमी जवळ विहीर आहे.
(ब) सगळ्या पैलवानासाठी तालमीजवळ विहीर आहे.
(क) सगळ्या पैलवानांसाठी तालमीजवळ विहीर आहे.

आधी जोडणी बघा. साठी, जवळ, मुळे, वर ही शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटूनच येतात, म्हणून (अ) बाद. मोबाइलवर टाइप करताना ही चूक सहज होते. मात्र ‘वर’ हा शब्द क्रियाविशेषण असेल तर सुटाच राहतो: ‘पोरं वर गेली’, पण ‘पन्हाळ्यावर गेली’.

आता टिंब. नामाच्या जागी सर्वनाम घालून वाचा. ‘त्यांच्यासाठी’ बसलं तर अनुस्वार हवा, ‘त्याच्यासाठी’ बसलं तर नको. इथे ‘सगळ्या’ म्हटलंय, म्हणजे ‘त्यांच्यासाठी’, म्हणून (ब) चुकला. तालीम एकच, म्हणून ‘तालमीजवळ’वर टिंब नाही. उत्तर (क).

फसवणारी जागा आदरार्थी बहुवचनाची. शाहू महाराज एकच, तरी आपण ‘त्यांच्यामुळे’ म्हणतो, म्हणून ‘महाराजांमुळे’, ‘महाराजांनी’. ‘महाराजानी’ असा पर्याय दिसला की तो लगेच खोडा. ‘नी’च्या आधी टिंब हवंच. एकवचनात प्रत्यय ‘ने’: पैलवानाने, पैलवानांनी. बोलताना आपण सर्रास ‘पैलवानानं’ म्हणतो. तिथलं शेवटचं टिंब बोलीतल्या उच्चाराचं आहे, अनेकवचनाचं नव्हे.