बक्षीसपत्र रद्द करायचंय? अर्ज करण्याआधी या चुका टाळा

मुलाच्या नावे घर करून दिलं आणि वर्ष-दोन वर्षांत त्याच घरात आईवडील परके झाले. अशी माणसं भेटली की मी पहिला प्रश्न मुलाबद्दल विचारत नाही. विचारतो, ‘बक्षीसपत्रात काय लिहिलंय? दस्त आणलाय का?’ बरेचदा दस्त मुलाच्याच कपाटात असतो. तेव्हा आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढून घ्यावी, कारण पुढचं सगळं त्यातल्या दोन-चार ओळींवर ठरतं.

2007 सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या कायद्यातलं कलम 23 इथे उपयोगी पडतं. साठी ओलांडलेल्या माणसाने ‘माझी मूलभूत सोय पाहायची’ या अटीवर बक्षीसपत्राने किंवा अन्य मार्गाने मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं कायदा धरून चालतो. देणाऱ्याने मागणी केली तर न्यायाधिकरण तो रद्दबातल ठरवू शकतं. महाराष्ट्रात हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांत, अर्थात उपविभागीय अधिकारी. हक्कसोडपत्रही यात येऊ शकतं. मात्र हा कायदा राज्यात 1 मार्च 2009 पासून लागू झाला, त्याआधीच्या दस्ताला कलम 23 चालत नाही.

दस्तात फक्त ‘प्रेम आणि आपुलकी’

महाराष्ट्रात मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, काही ठिकाणी वर स्थानिक अधिभार. खर्च कमी, त्यामुळे घाईही फार. तयार नमुना उघडतात, नावं बदलतात आणि सही होते. त्या नमुन्यात ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ एवढंच असतं. सांभाळण्याबद्दल एक शब्द नाही.

ही ओळ किती महागात पडते, ते सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात दिसलं. आईने मुलींच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सांभाळण्याची अट होती हे दाखवावंच लागेल, आणि आईच्या अर्जात तर तशा अटीचा उल्लेखही नव्हता. आई हरली.

जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात आईच्या बाजूने निकाल लागला. दस्तात मुलगा आईला सांभाळतो असा उल्लेख होता, आणि त्याच दिवशी मुलाने वेगळं वचनपत्र दिलं होतं की शेवटपर्यंत सांभाळीन, नाही तर आईला बक्षीस परत घेता येईल. न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या अंगाने उदारपणे वाचला आणि न्यायाधिकरण ताबाही देववू शकतं असं सांगितलं. एका बाजूला नुसता कोरा दस्त आणि दुसऱ्या बाजूला एक साधा कागद, दोन्ही निकालांत मला तरी मुख्य फरक हाच दिसतो.

ज्यांचा दस्त अजून व्हायचाय, त्यांनी असं वाक्य घालून घ्यावं: ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांच्या हयातीत त्यांचे राहणे, जेवण, औषधोपचार व शुश्रूषा यांची सोय करतील, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.’ ‘लिहून देणार यांना वाटेल तेव्हा रद्द करता येईल’ असं मात्र लिहू नका. केवळ देणाऱ्याच्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 126 प्रमाणे टिकत नाही.

परस्पर रद्दलेख आणि रागाने भरलेला अर्ज

माझ्याकडे आलेल्या एका आजींचं सांगतो. वय 71, पती गेलेले. 2021 मध्ये त्यांनी फ्लॅट मुलाला बक्षीस दिला. दस्तात आपुलकीची तीच ओळ, पण त्याच आठवड्यात मुलाने स्टॅम्प पेपरवर ‘आईला याच घरात ठेवून औषधपाणी पाहीन’ असं लिहून दिलं होतं. पुढे औषधं बंद झाली. एकदा त्या लेकीकडे चार दिवस जाऊन आल्या तर दाराचं कुलूप बदललेलं.

कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी एकटीनेच रद्दलेख करून नोंदवून टाकला आणि वर्षभर त्याच्या भरवशावर राहिल्या. पूर्ण झालेलं बक्षीस एका बाजूच्या सहीने रद्द होत नाही. सोसायटीने तो कागद बाजूला ठेवला, त्यात तिची चूक नव्हती.

मग प्रांतांसाठी नातवाने अर्ज लिहिला, पाच पानी. त्यात भांडणं, टोमणे, सणाला न बोलावणं, सगळं होतं. स्टॅम्प पेपरवरच्या कागदाबद्दल अवाक्षर नाही! वर ‘अंगठा फसवून घेतला’ असंही होतं. आजींची सही होती, आणि दस्त त्यांनी स्वखुशीने केला होता. असं एक खोटं वाक्य उलटतपासणीत सापडलं की खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

आम्ही अर्ज दीड पानावर आणला. मिळकत कोणती आणि दस्त कधीचा. तो देताना सांभाळण्याची अट होती, तिचा पुरावा हा कागद. अट कोणत्या तारखेपासून कशी मोडली: औषधांच्या दुकानाची लेकीने भरलेली बिलं, कुलूप बदलल्याच्या दिवशी पोलिसांत दिलेली तक्रार, शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र. शेवटी मागण्या: बक्षीसपत्र रद्दबातल ठरवा, ताबा द्या, आणि निकाल लागेपर्यंत फ्लॅट विकायला मनाई करा. फक्त दरमहा निर्वाहखर्च मागितला तर बहुधा तेवढाच मिळतो, त्यामुळे मागण्या स्पष्ट लिहाव्यात. मनाईची मागणीही शोभेची नसते. मुलाने मध्येच घर विकलं आणि घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजून, काही माहिती नसताना घेतलं, तर त्याच्याशी लढणं फार अवघड होतं. म्हणून अर्जाची प्रत सोसायटीला त्याच दिवशी पोच घेऊन द्यावी.

सुनावणीत मुलाने समेट सुचवला: ‘आईला घरी नेतो, अर्ज मागे घ्या.’ न्यायची तयारी खरी असेलही. पण अर्ज बिनशर्त मागे घेतला तर हातात काहीच उरत नाही. समेट करायचाच तर अटी लिहून न्यायाधिकरणासमोर नोंदवून घ्याव्यात. आजींनी नकार दिला आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

सून त्या घरात राहत असेल तर ताब्याचा प्रश्न वेगळा होतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला निवासाचा हक्क आहे आणि ज्येष्ठांचा कायदा वापरून तो सरसकट डावलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये एस. वनिता प्रकरणात सांगितलं आहे.

अटीचा कागदच नसेल तर

काही उच्च न्यायालयांनी आपुलकीच्या शब्दांतच अट गर्भित मानली आहे, पण त्यावर सगळी मदार ठेवणं मला धोक्याचं वाटतं. मुलाचे मेसेज, दस्ताच्या वेळचे साक्षीदार, आधीची पत्रं यांत ‘घर माझ्या नावे कर, मी सांभाळतो’ असं काही सापडतं का ते शोधा. खरोखरच दबाव किंवा फसवणूक झाली असेल तर दिवाणी दावा करता येतो. त्याला मुदत तीन वर्षांची, तीही फसवणूक कळल्यापासून मोजतात. आणि यातलं काहीच जमलं नाही तरी निर्वाहखर्चाचा अर्ज करता येतो, त्याला बक्षीसपत्राची अट लागत नाही.

निकाल मिळाला, कागद तसेच

आजींच्या हातात आदेश आला तरी दोन महिने शेअर सर्टिफिकेटवर मुलाचंच नाव होतं. आदेशाची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक, सोसायटी आणि मिळकत पत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालय, अशी तिन्हीकडे स्वतः द्यावी लागते. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी. घरपट्टीच्या बिलावरचं नाव त्यांनी सगळ्यात शेवटी बदललं, आणि विजेच्या बिलावरचं तर अजून राहिलंय.