वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रुजू होणाऱ्या मदतनीस ताईंसाठी तयारीची यादी

सप्रेम नमस्कार.

लातूर येथील आमच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून आपले मनःपूर्वक स्वागत आहे. पहिल्या दिवशी सकाळी पावणेसहा वाजता मागच्या दाराने यावे आणि सोबत आधार कार्ड व बँक पासबुकाची छायाप्रत, तसेच वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र आणावे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी झाली पाहिजे, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपली तपासणी झालेली नसेल, तर ती वसतिगृहाच्या खर्चाने आधी करून घेऊ आणि मगच आपण रुजू व्हाल.

गणवेशाचे दोन सुती जोड, ॲप्रन आणि टोपी आपल्याला येथे मिळेल. गणवेश घरून घालून येऊ नये, कारण रस्त्यावरची धूळ त्याच्यासोबत आत येते. तो येथील खोलीतच बदलावा. केस टोपीत पूर्ण झाकलेले असावेत, नखे कापलेली असावीत आणि चप्पल पुढून बंद व न घसरणारी असावी. काचेच्या बांगड्या, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे लागेल. बांगड्यांविषयीचा हा नियम अनेकींना जड जातो, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु कणीक मळताना फुटलेली काच परातीत दिसत नाही, ती थेट ताटात पोहोचते. मंगळसूत्र गणवेशाच्या आत राहील असे घालण्यास हरकत नाही.

हात धुण्यासाठी तोटी असलेली वेगळी टाकी ठेवली आहे. पाणी टँकरचे असले आणि उन्हाळ्यात जपून वापरायचे असले, तरी हात धुण्यात काटकसर करू नये आणि टाकीत भांडे बुडवू नये. साबण लावून निदान वीस सेकंद बोटांच्या बेचक्या व नखांच्या कडा चोळाव्यात आणि हात पदराला किंवा ॲप्रनला न पुसता स्वच्छ कोरड्या कापडाला पुसावेत. कामाला लागण्यापूर्वी, शौचालयातून आल्यावर, कच्च्या भाज्या किंवा अंडी हाताळल्यावर, शिंक-खोकल्यानंतर आणि कचरा टाकल्यावर हात धुणे बंधनकारक आहे. तंबाखू, गुटखा व मिश्री कामाच्या वेळेत पूर्ण वर्ज्य आहे.

सर्वांत अधिक लक्ष जखमेकडे द्यावे. समजा, सकाळी सात वाजता कांदा चिरताना बोट कापले, चिंधी गुंडाळून आपण उकडलेले बटाटे सोलले आणि ते परातीत अकरापर्यंत तसेच राहिले. पिकलेल्या किंवा उघड्या जखमेतील जंतू त्या कोमट बटाट्यांत वाढतात आणि विष तयार करतात. नंतर बटाट्यांची भाजी परतली, तर जंतू मरतात, पण ते विष उष्णतेने नाहीसे होत नाही. भाजीचा वास बिघडत नाही, चव बदलत नाही. जेवणानंतर काही तासांतच मुलांना उलट्या सुरू होतात, तेव्हाच ते लक्षात येते. म्हणून बोट कापले की काम तिथेच थांबवावे, जखम धुऊन जलरोधक पट्टी लावावी, वर हातमोजा घालावा आणि रक्त लागलेला पदार्थ टाकून द्यावा. जखम पिकली असेल, तर हातमोजा पुरेसा नाही. बरी होईपर्यंत आपल्याला कोठीतील बंद पोती मोजण्याचे किंवा जेवणगृह झाडण्याचे काम दिले जाईल. जुलाब, उलट्या, ताप किंवा कावीळ असल्यास स्वयंपाकघरात येऊ नये. अशा दिवसाचा पगार कापला जाणार नाही, त्यामुळे आजार लपवण्याची गरज नाही.

चहा-नाष्टा साडेसात वाजता आणि जेवण सव्वाअकरा वाजता, म्हणजे मुलांची पंगत बसण्यापूर्वी, अर्धा तास बसून घ्यावे. मुलांसाठी केलेली भाकरी, वरण आणि भाजीच आपल्यालाही मिळेल. उपवास असल्यास आदल्या दिवशी सांगावे. चुलीपाशी उभ्याने खाऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत शेगडीजवळ फार तापते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे, मात्र बाटली चिरण्याच्या ओट्यावर ठेवू नये.

रोजचे काम मुख्य आचारी मामा सांगतील आणि काय, किती, केव्हा याबाबत त्यांचाच शब्द अंतिम राहील. रजा, पगार, गणवेश आणि आजारपण यांबाबत पर्यवेक्षिका ताईंशी बोलावे. मामांनी घाईत जखमी हाताने काम करायला सांगितले, तरी ते करू नये आणि लगेच ताईंना कळवावे. मामांविषयीच तक्रार असल्यास ती थेट व्यवस्थापिकांकडे न्यावी. सकाळी बरे वाटत नसेल, तर साडेपाचपूर्वी ताईंना फोन करावा, म्हणजे आपल्या जागी दुसरी मदतनीस बोलावता येईल.

आपली,
व्यवस्थापिका, विद्यार्थी वसतिगृह